रेट्रोस्पेक्टिव्ह: इच्छा आणि कृती

आता रेट्रोस्पेक्टिव्हकडे वळू. समजा, सहा जणांची नवी टीम आहे, स्प्रिंट दोन आठवड्यांचा. शेवटच्या दिवशी बोर्डावर चौदा चिठ्ठ्या लागतात, आणि पुढच्या वेळी त्याच पुन्हा दिसतात. असं का होतं? कारण चिठ्ठीवर इच्छा असते, कृती नसते. ॲरिस्टॉटल म्हणतो, आपण विचारविनिमय करतो तो आपल्या हातात असलेल्या गोष्टींचाच.

'संवाद सुधारायला हवा' ही चिठ्ठी घ्या. विचारा, या स्प्रिंटमध्ये नेमकं कुठे अडलं? कळतं की आठपैकी पाच कामं टेस्टिंगला शेवटच्या दोन दिवसांत आली. का? तर प्रत्येकाने पहिल्याच दिवशी आपापलं वेगळं काम उघडलं होतं. मग कृती सापडते: एका वेळी तीनच कामं सुरू ठेवायची, एका कामावर दोघं. ही मर्यादा बोर्डावर कोण लावणार, कधी? नाव आणि वार लिहा.

अशा कृती दोनच घ्या, आणि त्या पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर बाकीच्या कामांच्या रांगेतच ठेवा. वेगळ्या यादीत गेलेली कृती मागे पडते, कारण तिच्यासाठी वेळच धरलेला नसतो. पुढचं रेट्रोस्पेक्टिव्ह सुरू होतं ते याच दोन कृतींपासून: झालं की नाही? 'थोडंफार झालं' असं उत्तर आलं, तर समजा, ती इच्छाच होती. आणि दुसऱ्या विभागाच्या परवानगीवाचून अडलं असेल, तर आपली कृती एवढीच: बुधवारपर्यंत ती परवानगी मागणं.