गणपतीची तिकिटं आणि बंद पडलेलं खातं

गणपतीला कोकणात जायचं, म्हणून घरातला एकच हुशार भाचा मावशी, काका, शेजारी अशा सगळ्यांची तिकिटं काढतो आणि त्याचं आयआरसीटीसी खातं बंद पडतं. यंत्रणेला नाती दिसत नाहीत. तिला दिसतात वेगवेगळी आडनावं, एकाच फोनवरून उघडलेली चार खाती आणि तात्पुरते ईमेल पत्ते. दलालांची खूणही नेमकी हीच!

मित्रांची, नातेवाइकांची तिकिटं काढणं गुन्हा नाही. आडनाव वेगळं असलं तरी चालतं. ती नफ्यासाठी विकणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे. म्हणून खातं पुन्हा सुरू करण्यासाठीच्या तक्रारीत ‘मी दलाल नाही’ एवढंच लिहून भागत नाही, पैशांचा माग दाखवावा लागतो. प्रत्येक पीएनआरपुढे प्रवाशाचं नातं लिहा. पैसे स्वतःच्या बँक खात्यातून गेल्याचा उतारा जोडा. मावशीने परत पाठवलेली रक्कम भाड्याइतकीच असेल, तर तो सर्वांत बोलका पुरावा. वर दोनशे ‘चहापाण्याचे’ घेतले असतील, तर मात्र बाजू लंगडी पडते.

आधार जोडलेल्या खात्यावर महिन्याला 24 तिकिटं काढता येतात, न जोडलेल्यावर 12. दुसरं खातं उघडण्यापेक्षा आधार जोडा.