मोडण्याऐवजी वाकलेलं ब्लेड

आमच्या गल्लीतले सलूनवाले काका गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की नवं ब्लेड घेतात आणि कागदातून न काढताच दोन्ही हातांच्या चिमटीत धरून लांबीच्या रेषेवर दुमडतात. 'कट्' असा आवाज येतो, ब्लेडचे सरळ दोन भाग होतात. एक भाग उस्तऱ्यात बसतो, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकासाठी. मध्यंतरी एका सकाळी तो आवाज आलाच नाही. काकांनी कागद उघडला, तर ब्लेड मधोमध वाकून पत्र्यासारखं पडलेलं. घाऊक बाजारातून स्वस्तात आणलेल्या नव्या डब्यातलं ते पहिलंच ब्लेड होतं.

दाढीचं ब्लेड जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतं. चांगल्या ब्लेडच्या पोलादात साधारण 13 टक्के क्रोमियम असतं. ते हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन थंड करतात, त्यामुळे ते कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून ते तीव्र कोनात दुमडलं की तुटतं. वाकून राहिलं, तर पोलाद हलकं आहे किंवा त्याला नीट पाणी दिलेलं नाही. अशा ब्लेडची धार पहिल्याच गालावर बसते.

काकांकडे त्याच नावाचं जुनं पाकीट शिल्लक होतं, ओळखीच्या मेडिकल दुकानातून घेतलेलं. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून आम्ही ती दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिली. लांबून दोन्ही जुळी भावंडं वाटत होती. भिंगाखाली मात्र जुन्या पाकिटावरचा नावाचा रंग सलग, भरीव होता आणि बारीक अक्षरांच्या कडा स्वच्छ होत्या. नव्या पाकिटावर तोच रंग वेगवेगळ्या रंगांच्या बारीक ठिपक्यांचा बनलेला निघाला, आणि पत्त्याच्या ओळीतली अक्षरं फाकलेली. कारण सरळ आहे. अस्सल कंपनी नावाचा ठळक रंग बहुधा तयार शाईने छापते. नक्कल करणारा पाकिटाचा फोटो घेऊन तो चार रंगांच्या छपाईत उतरवतो, म्हणून भरीव रंगाचेही ठिपके होतात. अस्सल पाकिटावर एखादं चित्र असेल तर त्यातही ठिपके दिसतील. म्हणून तुलना करायची ती भरीव पट्ट्यांची आणि बारीक अक्षरांची.

दुसरी खूण बॅच क्रमांकाची. एका डब्यातल्या सगळ्या पाकिटांवर एकच क्रमांक असणं स्वाभाविक आहे, त्यावरून संशय घेऊ नये. बघायचं ते तो कसा छापलाय हे. कारखान्यात हा क्रमांक, महिना आणि किंमत बहुतेक वेळा वेष्टन छापून झाल्यावर वेगळ्या यंत्राने उठवतात. त्यामुळे पाकिटागणिक तो थोडा वर-खाली सरकतो आणि त्याची शाईही वेगळी दिसते. काकांच्या नव्या डब्यातल्या दहाही पाकिटांवर क्रमांक नक्षीच्याच शाईत आणि अगदी केसभरही न हलता त्याच जागी होता. म्हणजे तो चित्राचाच एक भाग होता.

इथे एक सावधगिरी हवी. एकाच नावाची ब्लेडं वेगवेगळ्या देशांत बनतात. गिलेटचं '7 ओ'क्लॉक' हे नाव भारतातही चाललं आणि रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यातूनही निघालं. दोन्हींची वेष्टनं निराळी, म्हणून त्यातलं एक नकली ठरत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी हा मजकूर पुरा आहे का ते पाहावं, नक्षी नंतर.

छपाई सुधारता येते. धारेवरचा लेप मात्र तितका सोपा नाही. 1960च्या दशकापासून चांगल्या ब्लेडच्या धारेवर टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाचा अत्यंत पातळ थर देतात. नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच कुळातला. तो फवारून भट्टीत तापवावा लागतो, म्हणजे वितळून धारेला धरतो. याच थरामुळे ब्लेड केस ओढत नाही. पहिल्या दाढीत धारेच्या टोकावरचा जास्तीचा थर मागे सरकतो, म्हणून चांगलं ब्लेड बऱ्याचदा दुसऱ्या दाढीला अधिक गुळगुळीत चालतं. लेप नसलेल्या ब्लेडचं उलटं होतं. ते पहिल्याच फटक्याला ओढतं आणि पुढे आणखी बिघडतं. भिंगाखाली काकांच्या जुन्या ब्लेडच्या धारेची पट्टी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी होती. नव्यावर घासल्याचे आडवे ओरखडे होते आणि पट्टीची रुंदी एका बाजूला कमी होत गेली होती.

धारेवर पाण्याचा थेंब टाकून पाहायचा उपाय लोक सांगतात. थेंब गोळा होऊन राहिला तर लेप आहे म्हणे. पण नुसतं तेल लावलेल्या ब्लेडवरही थेंब तसाच राहतो. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, कारण ब्लेडचं स्टेनलेस पोलाद अस्सल असलं तरी चुंबकाला चिकटतंच. त्यापेक्षा ब्लेड ओलं करून रात्रभर बशीत ठेवावं. पाकिटावर 'स्टेनलेस' लिहिलेलं असून सकाळी तांबडे ठिपके दिसले, तर लिहिलेलं खोटं आहे. आमच्या बशीत नव्या ब्लेडवर सात ठिपके होते, जुन्यावर एकही नाही. कार्बन पोलादाची ब्लेडंही प्रामाणिकपणे विकली जातात आणि ती गंजतातच, म्हणून आधी पाकीट वाचावं.

कार्ट्रिजमध्ये नक्कल आणखी अवघड जाते. 1998 साली आलेल्या मॅक थ्रीसारख्या कार्ट्रिजमध्ये प्रत्येक पातं एका वाकवलेल्या पट्टीवर लेसरने जोडलेलं असतं. भिंगातून हे जोडठिपके समान अंतरावर, एका ओळीत दिसतात. पाती बारीक स्प्रिंगवर बसलेली असतात. काडीपेटीच्या काडीने हळूच दाबलं तर प्रत्येक पातं खाली जाऊन परत वर येतं. बोटाने हा प्रयोग करू नये. नकली मालात पात्यांमधलं अंतर कमी-जास्त असतं, एखादं पातं हलतच नाही. वरची चिकण पट्टी भिजली की बुळबुळीत व्हायला हवी. तिचा रंग दाढ्यांगणिक फिका होणं ठीक. पहिल्याच धुण्यात रंग बेसिनमध्ये उतरला तर तो वरवर लावलेला आहे.

दांडीवरची अक्षरंही बोलतात. नकलीचा साचा पुष्कळदा अस्सल दांडीवरूनच उतरवलेला असतो. त्यात कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि प्लास्टिक थंड होताना आक्रसत असल्याने दांडी मुळापेक्षा किंचित लहान निघते. मग कार्ट्रिज बसताना खटका नीट लागत नाही, डोकं डुगडुगतं.

यातली कुठलीही एक खूण पुरेशी नाही. नकल करणारा दुकानात डोळ्यांना दिसेल तिथे पैसे घालतो आणि गालालाच कळेल तिथे वाचवतो. म्हणून बाहेरच्या खुणांपेक्षा आतल्यांना जास्त वजन द्यावं, आणि दोन-तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतील तेव्हाच निष्कर्ष काढावा. मग वापर थांबवून पाकीट, उरलेली ब्लेडं आणि बिल जपून ठेवावं. कंपनीला फोन करायचा तर नंबर संशयित पाकिटावरून न घेता खात्रीच्या पाकिटावरून घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात अशा नकलेसाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे.

काकांनी तो डबा बाजूला काढून ठेवला. बिल मात्र घेतलेलं नव्हतं, त्यामुळे दुकानदाराने हात झटकले. आता ते नवा डबा बिलाशिवाय घेत नाहीत, आणि घरी आणला की गिऱ्हाईक बसायच्या आधी एक ब्लेड मोडून तो 'कट्' ऐकतात.