सर्व्हर बंद होण्याआधीचा ईमेल

१४ डिसेंबर २०२३ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ हा आपला मोटारशर्यतींचा गेम विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ नंतर त्याचे सर्व्हर बंद होतील असं जाहीर केलं. सर्व्हरची यंत्रणा आणि परवान्यांच्या अडचणी, अशी दोन कारणं दिली. २०१४ साली आलेल्या या गेममध्ये अख्खी अमेरिका आक्रसून मांडली होती. पूर्व किनाऱ्यावरून निघायचं आणि वाळवंटं, डोंगर, शहरं ओलांडत तासाभराच्या आत पश्चिम किनारा गाठायचा. त्यात एक कथा होती आणि ती एकट्यानेही खेळता यायची. तरीही इंटरनेट नसेल तर गेम सुरू व्हायचा नाही. सर्व्हर बंद झाले तेव्हा ज्यांनी डिस्क पैसे मोजून घेतली होती त्यांचाही खेळ संपला. पुढे एप्रिलमध्ये अनेकांच्या लक्षात आलं, की आपल्या खात्यातून गेमचा परवानाच काढून घेतला गेला आहे.

घोषणा आणि शेवट यांच्यामध्ये साडेतीन महिने होते. अशा मुदतीत खेळाडू स्टुडिओला ईमेल लिहितात आणि बहुतेकांची विनंती एकच असते: कृपा करून गेम बंद करू नका. त्यामागचं प्रेम खरं असतं, पण मागणी चुकीच्या जागी पडते. सर्व्हर चालू ठेवा म्हणजे दर महिन्याला भाडं भरत राहा, सुरक्षेच्या दुरुस्त्या करत राहा, त्यासाठी माणसं नेमून ठेवा. खेळणारे कमी झालेल्या गेमसाठी हे कायमचं करायला कोणतीही कंपनी तयार होणार नाही आणि मदतकक्षातल्या कर्मचाऱ्याकडे त्या विनंतीचं छापील उत्तर तयारच असतं. जे काम एकदाच करावं लागेल आणि त्यानंतर कंपनीला एक रुपयाही खर्च येणार नाही, ते मागायला हवं. ते नेमकं काय, हे कळायला सर्व्हर करतो काय ते पाहावं लागतं.

त्याचं पहिलं काम दारावरचं. गेम सुरू होताना हा माणूस कोण, त्याने गेम घेतला आहे का, एवढं तपासायचं. दुसरं काम जपणुकीचं. तुमच्या गाड्या, पैसे, कुठवर आलात त्याची नोंद, ज्याला खेळाडू ‘सेव्ह’ म्हणतात, ते तुमच्या यंत्रावर न राहता कंपनीच्या साठ्यात राहतं. तिसरं काम माणसं जोडण्याचं: शर्यतीसाठी दुसरे खेळाडू शोधून देणं. चौथं काम सगळ्या गेममध्ये नसतं, पण असलं तर प्रकरण अवघड होतं. ते म्हणजे खुद्द खेळ चालवणं. शत्रू कुठून येईल, वार लागला की नाही, खजिन्यात काय निघालं, हे सगळं सर्व्हरच ठरवतो आणि तुमचा संगणक फक्त चित्र दाखवतो. हजारो माणसं एकाच जगात वावरणारे मोठे ऑनलाइन गेम असे असतात.

आपला गेम कोणत्या प्रकारचा, याचा अंदाज खेळाडूला घरबसल्या घेता येतो. एकट्याने खेळत असताना वायफाय बंद करून पाहावं. रस्त्यावरची वाहतूक चालूच राहिली, गाडी वळली, धडकली, आणि जरा वेळाने संपर्क तुटल्याची सूचना येऊन गेम बाहेर पडला, तर खेळ बहुतांशी तुमच्याच यंत्रावर चालतो आहे. सर्व्हर फक्त दारावर आणि साठ्यावर बसला आहे. उलट, वायफाय जाताच सगळी पात्रं जागच्या जागी थिजली, किंवा चालत राहिली पण कशालाच प्रतिसाद देईनात, तर चौथं काम सर्व्हरकडे आहे. ही चाचणी पक्का पुरावा नाही. पण ईमेलमध्ये हे निरीक्षण लिहिलं, की वाचणाऱ्या तंत्रज्ञाला समजतं, समोरच्याने विचार करून मागणी केली आहे.

‘द क्रू’च्या बाबतीत हा विचार बरोबर होता, हे पुढे खेळाडूंनीच सिद्ध केलं. ‘द क्रू अनलिमिटेड’ या नावाने काही चाहत्यांनी मूळ सर्व्हरची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो खुला केला. तो स्वतःच्याच संगणकावर चालवून गेम एकट्याने खेळता येतो. जे काम बाहेरच्या माणसांना उलटं शोधत जाऊन करावं लागलं, ते मूळ कोड हाती असलेल्या स्टुडिओला किती सोपं गेलं असतं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

मग त्या डिसेंबरात ल्यों शहरातल्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओला, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनाच, कसा ईमेल जायला हवा होता? विषयाच्या ओळीतच मागणी हवी, आणि घोषणेनंतर शक्यतो पहिल्याच आठवड्यात. त्याला कारण आहे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर कोणताही नवा अपडेट द्यायचा तर तो आधी सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जावा लागतो. शिवाय बंद होणाऱ्या गेमची टीम हळूहळू दुसऱ्या कामांवर पांगते. शेवटच्या पंधरवड्यात आलेली विनंती पटली तरी ती पुरी करायला कोणी उरलेलं नसतं. पाठवताना इंग्रजीत जाईल तो मसुदा मराठीत असा:

“विषय: ३१ मार्चनंतर ‘द क्रू’ एकट्याने खेळता यावा यासाठी विनंती

नमस्कार. मी हा गेम प्लेस्टेशन ४ वर खेळतो. खरेदीची पावती सोबत जोडली आहे. सर्व्हर चालू ठेवण्याची विनंती मी करत नाही, तो खर्च मला समजतो.

कथा आणि मोकळं फिरणं हे भाग मी एकट्यानेच खेळतो. नेट मध्येच तुटलं तरी वाहतूक आणि इतर गाड्या काही वेळ चालू राहतात असं मला दिसलं आहे. म्हणून विचारतो: शेवटच्या अपडेटमध्ये सुरुवातीची लॉगिन तपासणी काढून टाकता येईल का? माझा सेव्ह माझ्या यंत्रावर उतरवून घेण्याची सोय मिळेल का? हे दोन्ही जमणार नसेल, तर निदान आमच्या खात्यातला परवाना आणि डाउनलोडची सोय काढू नये.

इतर खेळाडूंबरोबरच्या शर्यती, गुणतक्ते आणि गेममधलं दुकान बंद झालं तरी माझी तक्रार नाही. हे शक्य नसल्यास अडचण तांत्रिक आहे की परवान्याची, एवढं कळवावं. कृपया हा ईमेल निर्मितीप्रमुखांपर्यंत पोचवावा.”

या मसुद्यात काय सोडून दिलं आहे, तेही तितकंच महत्त्वाचं. शर्यती, तक्ते, दुकान यांवरचा हक्क लिहिणारा आपणहून सोडतो. त्यामुळे स्टुडिओसमोर उरतं ते मोजकं, आखता येण्याजोगं काम.

सेव्हची मागणी वेगळी करायची, कारण ती बहुतेकांकडून राहून जाते. लॉगिन तपासणी गेली, पण दहा वर्षांत जमवलेल्या गाड्या कंपनीच्या साठ्याबरोबर पुसल्या गेल्या, तर खेळाडू पुन्हा शून्यावर येतो. निन्टेन्डोने ‘ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प’ हा मोबाइल गेम नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा याची नीट काळजी घेतली. लगेच डिसेंबरात एकदाच पैसे देऊन घ्यायची, सर्व्हरशिवाय चालणारी आवृत्ती आणली आणि जुना सेव्ह तिच्यात नेण्याची सोय दिली. मात्र त्यासाठी आपलं खातं आधीच जोडलेलं असणं गरजेचं होतं आणि सेव्ह हलवायलाही मुदत होती. ऑनलाइन मित्र गेले, त्यांच्या जागी एकमेकांचं कार्ड क्यूआर कोडने स्कॅन करून घेण्याची पद्धत आली. सोनीच्या ‘ग्रान तुरिस्मो स्पोर्ट’ची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी थांबली. त्या गेमलाही एरवी सेव्हसाठी सर्व्हर लागायचा, पण निरोपाच्या अपडेटने ती अट काढली आणि एकट्याने खेळायचे भाग शाबूत राहिले.

जिथे माणसांशिवाय खेळच नाही, तिथे लॉगिन काढून उपयोग नसतो. अशा वेळी मागायचं ते सर्व्हरचाच प्रोग्रॅम. ‘नॉकआउट सिटी’ हा चेंडू फेकून मारण्याचा, चमूंचा खेळ जून २०२३ मध्ये बंद झाला. वेलन स्टुडिओजने पीसीवरच्या खेळाडूंना एक मोफत आवृत्ती दिली, जिच्यात स्वतःचा सर्व्हर उभारून मित्रांना बोलावता येतं.

प्रत्येक स्टुडिओला हे जमेलच असं नाही, आणि नकार नेहमी आडमुठेपणाचाच असतो असंही नाही. सर्व्हरच्या कोडमध्ये दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले भाग असतात, ते वाटून टाकायचा हक्क स्टुडिओकडे नसतो. चौथं काम सर्व्हरकडे असेल तर ते खेळाडूच्या यंत्रावर आणणं म्हणजे अर्धा गेम नव्याने लिहिणं. गाड्यांच्या नावांचे आणि गाण्यांचे परवाने संपतात, हे कारण मात्र जरा तपासून घ्यावं. त्यामुळे नवी विक्री थांबवावी लागते हे समजण्यासारखं आहे. पण परवाना संपल्यामुळे गेम विक्रीतून निघाला तरी आधी घेतलेल्यांना तो खेळता येतो, अशी उदाहरणं मोटारशर्यतींच्या गेममध्ये कितीतरी आहेत. म्हणून उत्तरात नुसतं ‘परवान्यांमुळे’ असं आलं, तर पुन्हा एकदा नम्रपणे विचारावं: ही अडचण विकण्याची आहे की खेळू देण्याची?

उत्तरात ‘सध्या अशी योजना नाही’ असं आलं तर तो मदतकक्षाचा ठरलेला मजकूर समजावा आणि तक्रार क्रमांक देऊन तोच ईमेल पुन्हा, या वेळी गेमच्या समुदाय व्यवस्थापकाला पाठवावा. स्टुडिओ आणि खेळाडू यांच्यात दुवा म्हणून काम करणारा हा माणूस टीमच्या बैठकांच्या जवळ असतो. एकट्याचा ईमेल सहज बाजूला पडतो, पण त्याच तीन मागण्या शेकडो जणांनी केल्या की टाळणं कठीण जातं. एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली ती ‘द क्रू’च्याच निमित्ताने. युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत चौदा लाखांहून अधिक सह्या झाल्या. दरम्यान युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू २’ला ऑफलाइन सोय देण्याचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये ती दिलीही. पहिल्या ‘द क्रू’ला ती मिळाली नाही.

समजा विनंती मान्य झाली आणि अपडेट आला. तो लगेच उतरवून घ्यावा, कारण डिस्कवर असते ती गेमची मूळ आवृत्ती, ही दुरुस्ती तिच्यात नसते. मग सर्व्हर अजून चालू असतानाच चाचणी करावी. यंत्र पूर्ण बंद करायचं, राउटर बंद करायचा, यंत्र पुन्हा सुरू करून गेम उघडायचा, एक शर्यत खेळायची, सेव्ह करायचं, गेममधून बाहेर पडायचं आणि परत आत यायचं. जिंकलेली गाडी गॅरेजमध्ये दिसली तर काम झालं. नाही दिसली, किंवा गेम लॉगिनच्याच पडद्यावर अडकला, तर त्या पडद्याचा फोटो काढून त्याच दिवशी स्टुडिओला पाठवावा. मुदत संपायच्या आत कळलेला दोष दुरुस्त करायला कोणी तरी जागेवर असतं.