पहिले तीन सेकंद : उभ्या जाहिरातीची बांधणी

सोलापूरच्या नव्या पेठेतला कापडविक्रेता गिऱ्हाईक बसल्याबरोबर घडी झटकून कापड पुढ्यात पसरतो. दुकान किती जुने, मालक कोण, हे नंतर. मोबाइलवरच्या उभ्या चित्रफितीत मात्र हाच विक्रेता उलटा क्रम लावतो. आधी शटर, मग पाटी, मग तसबिरीपुढची समई, आणि आठव्या-नवव्या सेकंदाला माल. तोवर पाहणाऱ्याचा अंगठा पुढे सरकलेला असतो. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्राम रील्स सुरू झाले, आणि या छोट्या जाहिराती पेठेपर्यंत पोहोचल्या. त्यांची बांधणी कशी असावी, हे सोलापुरी चादरीच्या वीस सेकंदांच्या एका नमुन्यावरून मी इथे मांडतो.

सुरुवातीच्या तीनेक सेकंदांना जाहिरातवाले ‘हुक’ म्हणतात. मला आपला ‘हाळी’ हा शब्द जवळचा वाटतो. कल्हईवाला गल्लीत शिरताना आपला इतिहास सांगत नाही. काय आणले आहे ते एका शब्दात ओरडतो. हाळीने दोन कामे करावीत: मनात एक प्रश्न उभा करावा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर विकायच्या वस्तूतच असावे. दुसरी अट बहुधा विसरली जाते. ‘दुकान कायमचे बंद होतेय’ अशा खोट्या आरोळीने माणूस थांबतो; पण त्याला चादर नको असते, आणि फसवणूक कळली की तो परत येत नाही.

जकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनुसार उभे धागे उचलले जातात. अस्सल सोलापुरी चादरीत दोन रंगांचे धागे नक्षीप्रमाणे वर-खाली जागा बदलतात. म्हणून एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी नक्षी असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तीच नक्षी लाल दिसते. छापील चादरीची मागची बाजू मात्र फिकट राहते. चादरीच्या याच गुणातून आपली हाळी निघते.

पहिली चौकट : चादरीचा कोपरा पडदाभर, आणि हात तो उलटवत असतानाच चित्र सुरू. हात आत येण्याची वाट पाहायला लावू नये. अक्षरे एवढीच : ‘ही चादर एक की दोन?’ तीन सेकंदांत सहा-सात शब्दांहून अधिक वाचले जात नाहीत, आणि अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात. म्हणून प्रश्न पडद्यावर लिहिलेला हवा. चौथ्या ते दहाव्या सेकंदात उत्तर द्यावे : दोन्ही बाजू शेजारी, मग खाली छापील चादरीची फिकट पाठ. अकरा ते सोळा : लांबी-रुंदी आणि किंमत. शेवटचे चार सेकंद एकाच विनंतीसाठी : ‘नव्या पेठेत या’ किंवा ‘फोन करा’, दोन्ही नकोत.

चौकट १०८० रुंद आणि १९२० उंच ठिपक्यांची असते, पण ती सगळी आपली नसते. रील्सच्या जाहिरातीत वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा ३५ टक्के भाग नाव, मजकूर आणि बटणांसाठी मोकळा ठेवावा लागतो. दूरध्वनी क्रमांक तळाशी लिहिला, तर तो बटणाखाली झाकला जातो. अक्षरे मधल्या पट्ट्यातच ठेवावीत.

जाहिरात कुठे अडते, हे आकड्यांवरून कळते. समजा, ती १००० वेळा दाखवली गेली. तीन सेकंद पाहणारे १०० च असतील, तर दोष हाळीत आहे. ४०० थांबले, पण पंधराव्या सेकंदापर्यंत ३० च उरले, तर हाळीने दिलेला शब्द मधल्या भागाने पाळलेला नाही. पुष्कळजण शेवटपर्यंत राहिले आणि फोन एकही आला नाही, तर किंमत, विनंती किंवा जाहिरात दाखवण्याचा प्रदेश तपासावा. दुरुस्ती करताना एकच गोष्ट बदलावी : नंतरचे सतरा सेकंद तेच ठेवून तीन वेगळ्या हाळ्या लावून पाहाव्यात. सगळे एकदम बदलले, तर फरक कशाने पडला हे सांगता येत नाही. पन्नास-साठ वेळा दाखवलेल्या जाहिरातीवरून निष्कर्षही काढू नये. एवढ्या थोड्या आकड्यांत योगायोगच अधिक असतो.

चादरीच्या या हाळीचा आणखी एक उपयोग मला महत्त्वाचा वाटतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण दूरच्या गावातले गिऱ्हाईक मानांकनाचा कागद पाहत नाही. त्याच्यासमोर ढीग असतो आणि स्वस्त छापील माल असतो. कोपरा उलटून पाहायचा, एवढी परीक्षा तीन सेकंदांत त्याच्या हाती पडते. त्याने आमच्याकडून चादर घेतली नाही, तरी पुढच्या दुकानात तो आधी पाठ पाहील.