बिल खरे, पण रक्कम खरी आहे काय?

बँकेच्या काउंटरवर चेक येतो तेव्हा आम्ही काय पाहतो? सह्या जुळतात का, तारीख बरोबर आहे का, खात्यात शिल्लक आहे का. एवढे ठीक असले की पैसे दिले जातात. ज्या मालासाठी ते पैसे चालले आहेत तो माल आला की नाही, हे बँकेला कळण्याचा मार्ग नाही. ती तपासणी चेक लिहिण्याआधी, खरेदी करणाऱ्या कार्यालयातच झाली पाहिजे. ती कशी होते, हे एका साध्या उदाहरणाने पाहू.

एका कार्यालयाला झेरॉक्सचा कागद हवा आहे. विभागाचा कारकून शिल्लक साठा पाहून 200 रिमांचे मागणीपत्र लिहितो व अधिकारी त्यास मंजुरी देतो. मागणीपत्र ही कार्यालयातील आपापसातली बाब आहे. त्याने दुकानदार बांधला जात नाही. मग दरपत्रके मागवून खरेदी आदेश निघतो : 200 रीम, दर 240 रुपये, कर वेगळा. पुरवठादाराशी खरा करार होतो तो या कागदाने.

माल येतो. भांडारपाल मोजतो तर 190 रीम भरतात, त्यांपैकी 5 पावसाने भिजलेल्या. तो माल-आवक पावतीवर ‘आले 190, नाकारले 5, स्वीकारले 185’ असे लिहितो, तेच चलनावर नोंदवून टेम्पोवाल्याची सही घेतो. चार दिवसांनी बिल येते : 200 रीम, दर 252 रुपये, कर सोडून एकूण 50,400 रुपये.

आता लेखा विभागात आदेश, आवक पावती आणि बिल हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले जातात. यालाच तिहेरी पडताळणी म्हणतात. दर आदेशाशी ताडून पाहायचा, संख्या आवक पावतीशी. दरात 12 रुपये जास्त लावले आहेत; 200 रिमांवर ते 2,400 रुपये झाले. संख्येत 15 रीम जास्त दाखवल्या आहेत. 240 च्या दराने ते 3,600 रुपये झाले. खरे देणे 185 गुणिले 240, म्हणजे 44,400 रुपये. एका बिलात 6,000 रुपयांचा फरक! नुसता आदेश आणि बिल ताडून पाहिले असते तर दराची चूक सापडली असती, पण न आलेल्या व भिजलेल्या रिमांचे 3,600 रुपये निघून गेले असते.

फरक सापडला म्हणजे बिल खणात टाकून ठेवायचे नसते. पुरवठादाराला तत्काळ लेखी कळवून क्रेडिट नोट मागवावी. सूक्ष्म व लघु उद्योगांबाबतच्या 2006 च्या कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. आणि मालाबद्दलची हरकत माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी नोंदवावी लागते. तोंडी तक्रार येथे उपयोगी पडत नाही. शिवाय उरलेल्या 15 रीम नको असतील तर आदेश तेथेच बंद करावा. तो उघडा राहिला तर त्या 15 रिमांच्या आधारे पुन्हा एखादे बिल येऊ शकते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. गरज 100 रिमांची असताना मागणीच 200 ची केली, किंवा आदेशातच दर फुगवला, तर तिन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतील आणि तरीही नुकसान होईल. पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे खाते बदलले आहे’ असे खोटे पत्र आले तर बिल बरोबर असूनही पैसे भलत्याच खात्यात जातील. तेथे पत्रावर छापलेल्या नंबरावर नव्हे, तर आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरावर फोन करूनच खात्री करावी.

सर्वांत कच्चा दुवा मात्र माल मोजण्याचा आहे. गडबडीत भांडारपाल आदेशावरचा 200 हा आकडाच पावतीवर उतरवतो. मग कागद तीन दिसतात, पण साक्ष एकच असते. म्हणून काही ठिकाणी भांडाराला आदेशाची जी प्रत देतात तीवर संख्या लिहितच नाहीत. मोजल्याशिवाय आकडा लिहिताच येऊ नये, हा त्यातील हेतू. ज्या पावत्यांवर वर्षभर एकदाही ‘कमी आले’ किंवा ‘परत केले’ असा शेरा नाही, त्या एकदा उघडून पाहाव्यात. तेथे माल मोजला जात नसण्याचा संभव अधिक.

टेम्पोवाला घाई करीत असताना ‘थांबा, मोजू द्या’ म्हणणे भांडारपालाला जड जाते. वरिष्ठांनी त्या वेळी त्याच्या पाठीशी उभे राहावे. त्याने लिहिलेला 185 हा आकडा खरा असेल, तरच पुढे चेकवर होणाऱ्या दोन सह्यांना अर्थ आहे.