काळे राळे आधी हळू का म्हणायचं?

‘काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले.’ हे वाक्य लहानपणी कुणी ना कुणी तुमच्याकडून म्हणवून घेतलं असेल, आणि बहुतेक वेळा हुकूमही एकच असतो: ‘दहादा म्हण, पटापट!’ मग जीभ अडखळते, सगळे हसतात आणि खेळ संपतो. खेळ म्हणून हे ठीकच आहे. पण वक्तृत्व स्पर्धेच्या किंवा सूत्रसंचालनाच्या तयारीसाठी, उच्चार सुधारावेत म्हणून हीच वाक्यं वापरायची असतील, तर पटापट म्हणण्यातून फारसं हाती लागत नाही. ते का, हे आज सांगतो.

(राळे म्हणजे काय, असं आमच्या राजूरच्या शाळकरी पोरांना विचारलं तर निम्मी गप्प बसतात. राळा हे भरडधान्य आहे. पूर्वी घरोघरी शिजायचं, आता वाक्यातच जास्त उरलंय.)

हे वाक्य अवघड का, ते आधी बघू. ‘र’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे पटकन टेकून सुटतं. ‘ळ’ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि हवा जिभेच्या बाजूंनी जाते. ‘ल’मध्येही हवा बाजूंनीच जाते, पण टोक पुढे, दातांजवळ असतं. म्हणजे एकाच टोकाला तीन जवळजवळच्या जागा. आता वाक्याची रचना बघा. ‘काळे’, ‘राळे’ या दोन्हींत दुसरं अक्षर ‘ळे’. जिभेला सवय लागते न लागते तोच ‘गोरे’ येतं आणि त्याच जागी ‘रे’ म्हणावं लागतं. म्हणून घाईत ‘गोळे राळे’ होतं. शेवटी ‘मिसळले’मध्ये ‘ळ’ला चिकटून ‘ल’ येतो, तिथे ‘मिसलले’ किंवा ‘मिसळळे’ होतं. चुका कुठेही होत नाहीत, साधारण याच दोन ठिकाणी होतात. तुम्ही आत्ता म्हणून बघा.

‘चटईला टाचणी टोचली’ची गंमत वेगळी आहे. तिथे पहिल्या शब्दात आधी ‘च’ मग ‘ट’, आणि पुढच्या दोन्ही शब्दांत आधी ‘ट’ मग ‘च’. आवाज तेच, क्रम उलटा. इथे जिभेच्या जागेपेक्षा मेंदूने आखलेला क्रम जास्त कस लावतो.

आता वेगाकडे येऊ. 2007 मध्ये लुई गोल्डस्टीन, मारिआने पूप्लिए आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या जिभेवर छोटी सेन्सर लावून ‘कॉप टॉप, कॉप टॉप’ असे शब्द मेट्रोनोमच्या ठोक्यावर म्हणायला लावले. ‘क’ला जिभेचा मागचा भाग उचलतो, ‘ट’ला टोक. त्यांना दिसलं की अनेकदा एक आवाज जाऊन दुसरा येतो असं होतच नाही. दोन्ही हालचाली एकाच वेळी होतात, कधी पूर्ण, कधी अर्धवट. वेग वाढला की असे प्रकार वाढतात. यातल्या काही चुका ऐकणाऱ्याला कळतही नाहीत. म्हणजे भरभर म्हणताना ‘बरोबर आलं’ असं तुम्हाला वाटतं, तेव्हा जीभ अर्धी ‘ळ’कडे आणि अर्धी ‘र’कडे असू शकते. त्याच अवस्थेत दहादा म्हटलं तर सराव त्या गोंधळाचा होतो.

मग हळू म्हणजे किती हळू? सातवीतल्या माझ्या भाचीला शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायचं होतं, तेव्हा आम्ही मोबाईलवर मेट्रोनोमचं ॲप घेतलं. वाक्यात सात शब्द आहेत, म्हणून एका ठोक्याला एक शब्द. सुरुवात मिनिटाला 40 ठोक्यांनी, म्हणजे पूर्ण वाक्याला साडेदहा सेकंद. तिला ते फारच कंटाळवाणं वाटलं. नियम एवढाच की लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं तरच दहा ठोके वाढवायचे.

80 पर्यंत सगळं सुरळीत गेलं. 90 ला ‘गोळे राळे’ आलं. अशा वेळी बहुतेक जण वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि ‘काळे राळे’चाच सराव होत राहतो, जे आधीपासून येतंच होतं. आम्ही ठोके 70 वर आणले आणि फक्त ‘गोरे राळे, गोरे राळे’ घेतलं. मग ‘राळे गोरे राळे’, मग पूर्ण वाक्य. पुढे 100 ला ‘मिसलले’ आलं. तिथे ‘मिसळ’ म्हणून थांबायचं, टोक मागे लागलंय हे जाणवू द्यायचं, मग ‘ले’, आणि हळूहळू मधला थांबा मिटवायचा. आठवड्याभरात, रोज दहाएक मिनिटं करून, ती 120 वर पोहोचली. तिथे पूर्ण वाक्याला साडेतीन सेकंद लागतात. हा साधारण आपल्या बोलण्याचाच वेग आहे. माझ्या मते इथे थांबावं. त्यापुढचा वेग यूट्यूबसाठी ठीक, स्टेजवर त्याचा उपयोग नाही.

हळू म्हणताना एक फसगत होते. लोक स्वर ताणतात, ‘काऽऽळेऽऽ राऽऽळेऽऽ’, आणि व्यंजन मात्र पूर्वीसारखंच झटक्यात उरकतात. स्वर नेहमीएवढाच ठेवा आणि शब्दांच्या मधे थांबा. त्या थांब्यात पुढच्या शब्दाची जुळणी होते.

प्रगती होतेय हे कसं ओळखायचं? नुसत्या चुका मोजू नका, त्यांची दिशा बघा. ‘चटईला’ म्हणून झाल्यावर ‘चाटणी’ आलं, तर मागचा क्रम पुढे ओढला गेला. सुरुवातीलाच ‘टचईला’ आलं, तर पुढच्या ‘टाचणी’ची तयारी आधीच आत घुसली. गॅरी डेल आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये टंग ट्विस्टरच्या सरावाचा अभ्यास केला. त्यात सरावाने चुका कमी झाल्या, आणि उरलेल्या चुकांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे पुढचं आधी येण्याच्या चुकांचा वाटा वाढला. म्हणून ‘चाटणी’ थांबून अधूनमधून ‘टचईला’ होऊ लागलं, तर वाईट वाटून घेऊ नका, ते सुधारणेचं लक्षण आहे. फक्त हे तपासताना वाक्य एकदा म्हणून श्वास घ्या. ‘कच्चा पापड पक्का पापड’ सलग फिरवत राहिलात, तर ‘पच्चा पापड’मधला ‘च्च’ मागच्या ‘कच्चा’तून आला की पुढच्या, हे सांगताच येणार नाही. आणि रेकॉर्डिंग करा. ऐकायला अशा माणसाला द्या ज्याला वाक्य माहीत नाही. ज्याला माहीत असतं तो बरोबरच ऐकतो.

यातून काय होत नाही, तेही सांगायला हवं. आमच्या शेजारच्या वऱ्हाडी पट्ट्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, काळ्याचं ‘काया’ होतं. ते हळू म्हटलं तरी ‘काया’च राहतं, कारण तो घरातला उच्चार आहे, जीभ घसरलेली नाही. अशा मुलाला प्रमाण उच्चार स्टेजपुरता शिकवता येतो, पण वर्गात उभं करून त्याला हसवण्याचं साधन हे वाक्य नव्हे. उलट, घरात सगळे ‘र’ म्हणत असताना सात-आठ वर्षांचं मूल अगदी सावकाश, सुटा ‘र’ म्हणतानाही ‘ल’च म्हणत असेल, किंवा बोलताना सतत अडकत असेल, तर मेट्रोनोम बाजूला ठेवा. आधी कान तपासून घ्या, आणि जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञ कधी भेटतात याची चौकशी करा.