शिशाचा पडदा कोठे हवा?

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीशेजारच्या एका इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहू लागला, तेव्हा रहिवाशांत बरीच खळबळ उडाली. त्या वेळी भरलेल्या सभेत या विषयाची शास्त्रीय बाजू मांडण्याचे काम आमच्याकडे आले. तेथे जे बोलणे झाले, त्याचा सारांश संस्थेच्या सभासदांसाठी येथे देत आहोत.

सभेत एका वयोवृद्ध गुरुजींनी प्रारंभीच मोठा मार्मिक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "क्ष-किरणांचा फोटो काढताना तेथील माणूस क्षणभरासाठीसुद्धा शिशाच्या आडोशामागे जाऊन उभा राहतो. मग रात्रंदिवस चालणाऱ्या या टॉवरला आडोसा का नको?" त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी तर आणखी एक गोष्ट सांगितली. महिनाभर त्यांचा खोकला हटत नव्हता आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो काढावयास सांगितले होते. परंतु टॉवरचे रेडिएशन अंगात साठतच आहे, त्यात आणखी भर कशाला, म्हणून त्यांनी तो काढलाच नव्हता.

या दोन्ही शंकांचे मूळ एका शब्दात आहे. 'रेडिएशन' म्हणजे प्रारण. कोणत्याही उगमापासून पसरणारी ऊर्जा. चुलीची धग हे प्रारण, दिव्याचा उजेड हे प्रारण, रेडिओच्या लहरी आणि क्ष-किरण हीही प्रारणेच. वर्तमानपत्रांत मात्र सर्रास 'किरणोत्सर्ग' असे छापतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अणुबाँब उभा राहतो. वस्तुतः किरणोत्सर्ग हा युरेनियम, रेडियम यांसारख्या अस्थिर अणूंचा धर्म होय. टॉवरमध्ये असा कोणताही पदार्थ नसतो, आणि क्ष-किरणांच्या यंत्रातही नसतो.

रेडिओलहरी, उजेड आणि क्ष-किरण ही एकाच कुळातली भावंडे आहेत; फरक आहे तो त्यांच्या कंपनांचा. टॉवरची एक लहर सेकंदाला सुमारे 180 कोटी वेळा कंप पावते. हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्या साध्या तांबड्या उजेडाची कंपने याच्या दोन लाख पटींहून अधिक असतात, आणि क्ष-किरणांची तर त्याहूनही हजारो पटींनी जास्त. आता यातली मुख्य गोष्ट अशी की प्रारणाची ऊर्जा पदार्थाला सलग धारेने मिळत नाही, ती सुट्या पुड्यांनी मिळते. हे 1905 साली आइन्स्टाइन यांनी मांडले. कंपने जितकी जलद, तितकी पुडी मोठी. प्रारण प्रखर केले तर पुड्यांची संख्या वाढते. प्रत्येक पुडी मात्र होती तेवढीच राहते.

शरीराला इजा कशी होते, हे या पुडीच्या आकारावर अवलंबून आहे. आपले शरीर बहुतांशी पाण्याचे. पाण्याच्या एका रेणूतून एक इलेक्ट्रॉन उपटून काढावयाचा, तर इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापाने सुमारे साडेबारा मापे ऊर्जा एकदम लागते. छातीच्या फोटोतील क्ष-किरणांच्या एका पुडीत अशी 50 हजार मापे असू शकतात. ती शरीरात शिरून एका इलेक्ट्रॉनला हुसकावते, तो धावता धावता आणखी शेकडोंना हुसकावतो, आणि त्या गडबडीत एखाद्या पेशीतील आनुवंशिकतेचा धागा तुटू शकतो. बहुतेक वेळा पेशी तो पुन्हा सांधते. पण एखादी चूक राहिली, तर पुढे कर्करोगाचे बीज पडण्याचा संभव असतो. अशा इलेक्ट्रॉन उपटण्यालाच आयनीकरण म्हणतात. शिशाचा पडदा आहे तो याच्यासाठी. कारण तेथील माणसाला दिवसाला कित्येक फोटो काढावयाचे असतात आणि या मात्रेची वर्षानुवर्षे बेरीज होत जाते.

आता टॉवरची पुडी पाहा. तिच्यात एका मापाचा जेमतेम एक लाख पस्तीस हजारावा भाग असतो. म्हणजे पाण्याच्या एका रेणूला फोडावयास अशा सतरा लाख पुड्या एकाच क्षणी, एकाच ठिकाणी येऊन आदळाव्या लागतील, आणि तसे घडत नाही. झाडावरची कैरी पाडावयाची तर एक नेमका दगड पुरतो. मुठी भरभरून वाळू दिवसभर फेकली, तरी देठ तुटत नाही.

पण वाळूच्या माऱ्याने पाने हलतात, हेही खरे. रेडिओलहरी पाण्याच्या रेणूंना हलवितात आणि त्यातून ऊब निर्माण होते. तेव्हा टॉवरच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न हा की ऊब किती? एक उदाहरण करून पाहू. समजा, 20 वॅटचा एक अँटेना आपली शक्ती पसरू न देता समोरच्या दिशेला पन्नास पटींनी एकवटतो. त्याच्या अगदी झोतात, 50 मीटरांवर उभे राहिले, तर दर चौरस मीटरला सुमारे 0.03 वॅट एवढी शक्ती पोचते. अंतर दुप्पट केले की ती चौथाई होते. दुपारचे ऊन दर चौरस मीटरला 1000 वॅटच्या घरात असते. या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 9 वॅट आहे. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून तिचा दहावा भाग, म्हणजे 0.9 वॅट, ही मर्यादा घातली. असे पाच-सहा अँटेने एकाच दिशेला असले, तरी बेरीज 0.2 वॅटच्या आसपास राहील. मात्र अँटेन्याच्या तोंडापुढे दोन-चार हातांवर उभे राहणे खरोखरच धोक्याचे आहे. तेथे मुलांना व कामगारांना जाऊ देता कामा नये. कुंपण हवे ते तेथे.

"मग सगळेच निर्धोक म्हणता काय?" असे एका बाईंनी विचारले. ते रास्तच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2011 साली रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात ठेवले. क्ष-किरण मात्र 'निश्चित' या वर्गात आहेत. त्या 'कदाचित'चा आधार मुख्यतः कानाशी धरलेला मोबाईल होता. पुढे 2024 साली त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. शिवाय एक गंमत लक्षात घ्यावी. टॉवर दूर गेला की हातातला मोबाईल त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी अधिक जोर लावतो, आणि तो तर डोक्याला चिकटलेला असतो. टॉवर हुसकावून लावल्याने मस्तकाला पोचणाऱ्या लहरी कमी होतीलच असे नाही.

सभेने अखेर तीन गोष्टी ठरविल्या. गच्चीला टॉवरचा भार पेलेल असा अभियंत्याचा दाखला मागावयाचा. गच्चीच्या दाराला कुलूप व सूचनाफलक लावून घ्यावयाचा. आणि शासनाने 2017 मध्ये सुरू केलेल्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावरून शुल्क भरून लहरींचे मोजमाप करून घ्यावयाचे.

त्या खोकल्याच्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले की या दोहोंची बेरीज होत नाही. टॉवरच्या उबेने अंगात काही साठत नाही, आणि छातीच्या एका फोटोची मात्रा माती, हवा व आकाशातून आपल्याला काही दिवसांत सहज मिळते तेवढीच असते. जपावयाचे ते सीटी स्कॅनच्या बाबतीत. त्यात मात्रा कित्येक पटींनी अधिक असते. म्हणून जुने फोटो व अहवाल जपून ठेवावेत आणि डॉक्टरांना दाखवावेत, म्हणजे तीच तपासणी उगाच पुन्हा होत नाही. स्त्री गरोदर असेल, तर ते आधी सांगावे. दुसऱ्याच दिवशी ते गृहस्थ फोटो काढून आले. फोटोत क्षयाचा डाग निघाला. औषध वेळेवर सुरू झाले आणि आज ते पूर्ण बरे होऊन सकाळी त्याच टॉवरखालून फिरावयास जातात.